घरच्या कागदांची एकच फाईल: रात्री दोन वाजता दुसऱ्याला सापडेल अशी

समजा, तुम्ही पुण्यात कामाला आहात. रात्री दोन वाजता सेलू तालुक्यातल्या गावाकडून दाजींचा फोन येतो. बाबांना शेतात साप चावलाय, गाडीत घालून परभणीला निघालोत. लगेच पुढचा प्रश्न येतो, "आधार कार्ड, रेशन कार्ड कुठं ठेवलंय रे?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरात आत्ता किती जणांना देता येईल?

मी मूळचा परभणी जिल्ह्यातलाच. आमच्याकडे बहुतेक घरांत कागद असतात, नाहीत असं नाही. पण ते कुठे आहेत हे एकाच माणसाला माहीत असतं. काही कागद पेटीत असतात, काही कपाटात साडीखाली, आणि पासबुक बाबांच्या शर्टाच्या खिशात. अडचणीच्या वेळी नेमका तोच माणूस दवाखान्यात पडलेला असतो. म्हणून या लेखातली मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. कुटुंबाची फाईल ती लावणाऱ्यासाठी नसते. ती पहिल्यांदाच उघडणाऱ्या माणसासाठी असते. म्हणजे त्या रात्री दाजी, बहीण किंवा शेजारचा पोरगा. ही फाईल कशी लावायची ते आपण वरच्याच कुटुंबाचं उदाहरण घेऊन पाहू. बाबा ५२ वर्षांचे, नावावर दोन एकर जमीन. आई घरी आणि शेतात. तुम्ही पुण्यात, बहीण जवळच्याच गावात दिलेली.

फाईल कशी घ्यायची आणि कशी लावायची

स्टेशनरीच्या दुकानात पारदर्शक कप्प्यांची फाईल मिळते. चाळीस कप्प्यांची एक घ्या. कागदाला भोक पाडावं लागत नाही आणि बाहेर न काढता दोन्ही बाजू वाचता येतात. सोबत झिप लागणारी एक मोठी प्लास्टिक पिशवी घ्या, म्हणजे फाईल पाण्यापासून वाचेल. सप्टेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५, दोन्ही वर्षी आपल्या भागात अतिवृष्टी झाली आणि घरांत पाणी शिरलं. त्यामुळे फाईल पलंगाखालच्या पेटीत नको. उंच फळीवर, रोजच्या हाताला येईल अशा जागी ठेवा.

आता मांडणी. बहुतेक जण एका माणसाचे सगळे कागद एकत्र लावतात, म्हणजे बाबांचे वेगळे, आईचे वेगळे. दिसायला ते बरोबर वाटतं, पण घाईत कामाला येत नाही. मी सुचवतो ती मांडणी वेळेची आहे. कोणता कागद आधी मागितला जाईल, त्या क्रमाने चार भाग करायचे:

१. दवाखाना: पहिल्या तासात लागणारे कागद.
२. बँक आणि विमा: पहिल्या महिन्यात लागणारे.
३. जमीन आणि घर.
४. बाकीचे: शाळेचे दाखले, जातीचा दाखला, गाडीचे कागद, लाईट बिल.

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला रंगीत कागद लावा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत भागाचं नाव लिहा. आईला वाचायला अडचण येत असेल तर रंगावरून सांगता येतं, "आई, लाल पान उघड."

सगळ्यात वर: मुख्य पान

फाईलच्या पहिल्या कप्प्यात हाताने लिहिलेलं एक पान असू द्या. फोन बंद असला तरी हे पान वाचता आलं पाहिजे. त्यावर इतकंच लिहा:

घरातल्या प्रत्येकाचं आधारवर आहे अगदी तसंच नाव, जन्मतारीख, रक्तगट. रोज चालू असलेल्या गोळ्या आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते. तीन फोन नंबर: तुमचा, बहिणीचा आणि गाडी असलेल्या एका शेजाऱ्याचा. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर. बँकेचं नाव आणि शाखा. आणि शेवटी एक ओळ, जी सहसा कोणी लिहीत नाही: बाबांच्या आधारला कोणता मोबाईल नंबर जोडलेला आहे.

ही ओळ का, ते सांगतो. गावाकडे आधार काढताना कुणाच्या तरी दुसऱ्याच्या फोनचा नंबर दिलेला असतो, किंवा तेव्हाचं सिम कधीच बंद पडलेलं असतं. मग ऐनवेळी काहीही डाऊनलोड करायला गेलं की ओटीपी भलत्याच नंबरवर जातो. myaadhaar.uidai.gov.in या साईटवर नंबर जोडलेला आहे का ते तपासता येतं. नंबर बदलायचा असेल तर मात्र ते काम ज्याचं त्याला स्वतःच करावं लागतं. म्हणून हे काम आजारपणाच्या आधी करून ठेवायचं.

मुख्य पानावर एटीएमचा पिन, युपीआय पिन किंवा पासवर्ड लिहू नका. ही फाईल दवाखान्यात चार लोकांच्या हातातून जाते.

भाग १: दवाखान्यात पहिल्या तासात

या भागात प्रत्येकाच्या आधारच्या तीन-तीन झेरॉक्स, रेशन कार्डच्या दोन झेरॉक्स, आयुष्मान कार्ड आणि जुन्या आजाराचे अलीकडचे रिपोर्ट ठेवा. झेरॉक्स आधीच काढून ठेवायची, कारण रात्री दोनला झेरॉक्सचं दुकान उघडं नसतं.

रेशन कार्ड कशाला, असं वाटेल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत दाखल व्हायला ओळखीचा पुरावा आणि रेशन कार्ड मागतात. १ जुलै २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळू शकतात. पण दोन मर्यादा लक्षात ठेवा. प्रत्येक दवाखाना योजनेत नसतो आणि प्रत्येक आजारही यादीत नसतो. म्हणून भरती करतानाच विचारायचं: "हा दवाखाना योजनेत आहे का? आरोग्यमित्र कुठं बसतात?" योजना कॅशलेस आहे. म्हणजे आधी सगळं बिल भरून, घरी येऊन, मग पैसे परत मागायचे असं ती चालत नाही. योजनेची हेल्पलाईन १५५३८८ आहे. हा नंबर मुख्य पानाच्या खाली लिहून टाका.

आता या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. दवाखान्याच्या खिडकीवर नाव विचारतात तेव्हा सोबत आलेला माणूस घाईत बोलीतलं नाव सांगतो. बाबांना सगळा गाव ज्ञानोबा म्हणतो. आधारवर नाव आहे ज्ञानेश्वर. केसपेपरवर ज्ञानोबा लिहिलं गेलं की ते नाव तिथेच थांबत नाही. तेच पुढे रेफर चिठ्ठीवर जातं, पोलिसांच्या नोंदीत जातं, आणि वाईट घडलं तर शवविच्छेदन अहवालावर आणि मृत्यूच्या दाखल्यावरही जातं. बँक मात्र ज्ञानेश्वर या नावाने खातं ओळखते. मग दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र करत फिरावं लागतं.

म्हणून खिडकीवर नाव तोंडाने सांगायचंच नाही. आधारची झेरॉक्स पुढे करायची आणि म्हणायचं, "यावरून लिहा." केसपेपर हातात आला की तिथेच उभं राहून वाचायचा. त्या वेळी चूक दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात. नंतर महिना लागतो.

आणि दवाखान्यात मिळालेला प्रत्येक कागद, अगदी पहिल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठीसुद्धा, याच भागातल्या रिकाम्या कप्प्यात टाकायची. सर्पदंशाच्या केसमध्ये तर या चिठ्ठीची किंमत फार मोठी आहे. ती कशी, ते पुढच्या भागात.

भाग २: पासबुकमध्ये दडलेला विमा

या भागात सगळ्या पासबुकांच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, एलआयसी किंवा इतर पॉलिसी, पोस्टाची बचत आणि कर्जाचे कागद येतात. पण आधी एक काम करा. बाबांचं पासबुक प्रिंट करून आणा आणि मे-जूनच्या नोंदी बोटाने एकेक करून वाचा. तुम्हाला दोन रकमा शोधायच्या आहेत: ४३६ आणि २०.

४३६ रुपये कापले असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे. पासबुकात ती बहुतेक `PMJJBY` अशी छापलेली असते. खातेदाराचा कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख रुपये मिळतात. या योजनेत १८ ते ५० वयात सामील होता येतं आणि संरक्षण ५५ वर्षांपर्यंत चालतं. २० रुपये कापले असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, म्हणजे `PMSBY`. ही फक्त अपघातासाठी आहे. वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख रुपये. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. जीवन ज्योती योजनेत वर्षाच्या मधेच सामील झालं तर पहिल्या वेळी ४३६ पेक्षा कमी रक्कम कापलेली दिसू शकते.

गंमत अशी की हे पैसे खात्यातून आपोआप जातात. कधीतरी बँकेत फॉर्मवर सही केलेली असते आणि घरात कुणालाच माहीत नसतं. माणूस गेल्यावर खातं बंद करतात, पासबुक पेटीत जातं आणि कुणी दावाच करत नाही. पैसे न मिळण्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे: विमा होता, पण घरच्यांना तो आहे हेच माहीत नव्हतं.

पासबुक वाचताना तीन गोष्टी तपासा. एक, यंदाची नोंद आहे का? ३१ मेच्या सुमारास खात्यात पुरेसे पैसे नसतील तर हप्ता कापलाच जात नाही आणि विमा बंद पडतो. आपल्याकडे तो काळ पेरणीच्या खर्चाचा, त्यामुळे खातं नेमकं तेव्हाच रिकामं असतं. दोन, एकाच माणसाच्या दोन बँकांतून हप्ता जातोय का? तसं असलं तरी एका योजनेतून २ लाखच मिळतात, दुसरा हप्ता वाया जातो. तीन, वारस म्हणून कुणाचं नाव आहे? लग्नाच्या आधी उघडलेल्या खात्यात आजीचं नाव असू शकतं आणि आजी आता हयात नसेल. बँकेत एक फॉर्म भरून ते बदलता येतं.

आता सर्पदंशाच्या चिठ्ठीचं. सुरक्षा विमा योजनेत अपघाताचा पुरावा लागतो. रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांची नोंद असते. साप चावणं, झाडावरून पडणं अशा घटनांत दवाखान्याची लगेचची नोंद पुरावा म्हणून चालते. म्हणजे ज्या केसपेपरवर "सर्पदंश", तारीख आणि वेळ लिहिली आहे, तोच तुमचा पुरावा. तो कागद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला आणि हरवला, तर दावा लटकतो. दोन्ही योजनांचा दावा शक्यतो ३० दिवसांच्या आत बँकेच्या शाखेत द्यायचा असतो.

भाग ३: जमीन

या भागात चालू सातबारा, ८-अ आणि असतील ते जुने फेरफार ठेवा. डिजिटल सहीचा सातबारा digitalsatbara.mahabhumi.gov.in या साईटवर १५ रुपयांत मिळतो. खरेदीखत असेल तर त्याची झेरॉक्स फाईलमध्ये आणि मूळ कागद वेगळ्या सुरक्षित जागी. खरेदीखत लॅमिनेट करू नका. त्याच्या मागच्या बाजूला शिक्के आणि सह्या असतात, आणि एकदा चिकटवलेलं प्लास्टिक कागद न फाटता निघत नाही.

इथेही खरा प्रश्न नावाचाच आहे. आधार, पासबुक आणि सातबारा शेजारी शेजारी ठेवा आणि तिन्हींवरची नावं अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर आत्ताच मुख्य पानावर नोंदवा. सातबारा संगणकावर घेताना झालेली लिहिण्याची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती मागता येते. त्याची सुरुवात तलाठ्यांकडून होते, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव सगळंच वेगळं असेल, म्हणजे ज्ञानोबा आणि ज्ञानेश्वर असं, तर आणखी पुरावे लागतात. पण माणूस हयात असताना ते सोपं असतं. तो स्वतः जाऊन सही करून सांगू शकतो की मी तोच.

शेतकरी कुटुंबासाठी या भागात एक कागद वेगळ्या रंगाचा ठेवा आणि त्यावर लिहा: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने ही योजना आधीच्या विमा योजनेच्या जागी आली. वय १० ते ७५. सातबारावरचा शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातला, सातबारावर नाव नसलेला एक सदस्य यात बसतो. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का, पाण्यात बुडणं हे सगळं यात येतं. आजारपणातला मृत्यू येत नाही. शासनाच्या दुसऱ्या एखाद्या अपघात योजनेचा लाभ घेतला असेल तर अडचण येऊ शकते, त्यामुळे अर्ज देताना ते स्पष्ट विचारून घ्या.

अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. लागणारे कागद दोन प्रकारचे आहेत, आणि ही विभागणी समजली की अर्धी धावपळ वाचते. पहिला प्रकार आजच फाईलमध्ये ठेवता येतो: सातबारा, आधार, वयाचा पुरावा, वारसाचं पासबुक. दुसरा प्रकार घटनेनंतरच तयार होतो: मृत्यूचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, तलाठ्यांकडचा वारस नोंदीचा गाव नमुना ६-क. पहिला प्रकार तयार असेल तर तीसही दिवस दुसऱ्या प्रकारासाठी मिळतात. नसेल तर पहिले पंधरा दिवस जुने कागद शोधण्यातच जातात, आणि तेराव्याच्या आधी तर घरात कुणी पेटी उघडतही नाही.

वाईट घडलं तर: दोन निर्णय त्याच रात्री होतात

हे लिहायला जड जातं, पण सांगायलाच हवं. आपल्या उदाहरणात बाबांना परभणीहून नांदेडला पाठवलं आणि तिथे ते गेले, असं धरू.

पहिला निर्णय शवविच्छेदनाचा. दुःखात घरचे म्हणतात, आता कशाला चिरफाड, न्या घरी. पण मृत्यू सापामुळे झाला हे सांगणारा सगळ्यात भक्कम कागद तोच असतो. नंतर तो तयार करता येत नाही. तेव्हा सोबत असलेल्या माणसाला हे माहीत असलं पाहिजे. म्हणून मुख्य पानाच्या मागच्या बाजूला एकच वाक्य लिहून ठेवा: अपघात किंवा साप असेल तर पोलीस नोंद आणि शवविच्छेदन टाळायचं नाही.

दुसरी गोष्ट मृत्यूच्या नोंदीची. मृत्यूची नोंद माणूस जिथे राहत होता तिथे होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. बाबा सेलू तालुक्यातले असले तरी दाखला नांदेडच्या बाजूने मिळणार. गावच्या ग्रामपंचायतीत कितीही चकरा मारल्या तरी तो निघणार नाही. म्हणून दवाखान्यातून निघतानाच विचारा, "नोंद कोणत्या कार्यालयात जाणार आणि दाखला कुठून घ्यायचा?" नोंदीची मुदत २१ दिवसांची आहे. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्या. बँक, कृषी कार्यालय, तलाठी, विमा, प्रत्येकाला एक द्यावी लागते आणि नांदेडला पुन्हा पुन्हा जाणं परवडत नाही.

आणि हो, बाबांचं सिम कार्ड लगेच बंद करू नका. बँकेचे मेसेज आणि ओटीपी त्याच नंबरवर येतात. सगळे दावे संपेपर्यंत छोटा रिचार्ज मारत राहा. अर्थात, ओटीपी वापरून त्यांच्या खात्यातून पैसे काढायचे नाहीत. ते बँकेला कळवून, वारसाच्या फॉर्मवरच काढायचे.

फोनमधली फाईल: कागदाची सावली

आता आपला हक्काचा विषय. कागदाची फाईल गावात राहते आणि तुम्ही पुण्यात. म्हणून तीच फाईल, त्याच क्रमाने, गुगल ड्राईव्हवर हवी. ड्राईव्ह ॲपमध्येच कॅमेऱ्याचं चिन्ह आहे, त्यातून कागद स्कॅन होऊन पीडीएफ बनतो. साधा फोटो काढू नका. त्यात कडा वाकड्या येतात आणि दोन पानं एकत्र राहत नाहीत. फोल्डरची नावं आकड्याने सुरू करा, म्हणजे क्रम आपोआप तोच राहतो:

```
Family_File/
  00_Mukhya_Pan.pdf
  01_Dawakhana/
     Baba_Aadhaar.pdf
     Aai_Aadhaar.pdf
     Ration_Card.pdf
  02_Bank_Vima/
  03_Jamin/
  04_Itar/
```

फाईलच्या नावात माणूस आणि कागद दोन्ही असू द्या. `IMG_20240611` अशा नावाची फाईल त्या रात्री कुणालाच सापडत नाही.

मग फोल्डर फक्त दोघांशी शेअर करा, समजा बहीण आणि दाजी. शेअर करताना ईमेल टाकून `Viewer` निवडा आणि `General access` हे `Restricted` वरच ठेवा. "ज्याच्याकडे लिंक आहे तो कोणीही" असा पर्याय निवडला तर लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत राहते आणि आधार, पासबुक सगळं उघडं पडतं. शेवटी, `00_Mukhya_Pan.pdf` आणि `01` मधल्या फाईल्सवर `Make available offline` दाबा. तुमच्या एकट्याच्या नाही, बहिणीच्या आणि दाजींच्या फोनमध्येही. गावाहून परभणीला येताना मधे रेंज जाते, तेव्हा हेच कामी येतं.

व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो हा पर्याय का नाही? कारण सहा महिन्यांनी ते हजार गुड मॉर्निंगच्या खाली गाडले जातात, आणि फोन बदलला की बऱ्याचदा जातातच.

डिजिलॉकरचं काय? ते चांगलंच आहे, पण दोन गोष्टी समजून घ्या. तिथे सरकारी खात्याकडून थेट आलेला कागद कायद्याने मूळ कागदासारखाच धरला जातो. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेला कागद तसा धरला जात नाही, ती फक्त एक प्रत असते. दुसरं म्हणजे खातं ज्याचं त्याचं असतं. बाबांचं डिजिलॉकर उघडायला बाबांचा फोन आणि पिन किंवा ओटीपी लागतो. बाबा बेशुद्ध आणि फोन लॉक असेल तर ते कुणालाच उघडत नाही. म्हणून डिजिलॉकर असू द्या, पण भरवसा कागदावर आणि शेअर केलेल्या फोल्डरवर.

बाबांच्या फोनचं एकच काम राहिलं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये `Safety & emergency` असा भाग असतो. तिथे रक्तगट, गोळ्या आणि तुमचा नंबर भरून ठेवा. आयफोनमध्ये हेच `Medical ID` म्हणून हेल्थ ॲपमध्ये आहे. मग फोन लॉक असतानाही अनोळखी माणूस `Emergency` दाबून तुमच्यापर्यंत पोहोचू शकतो.

फाईल चालते की नाही, हे कसं कळणार?

फाईल लावून झाली की ती लावणाऱ्याने तपासायची नसते. दिवाळीला सगळे घरी आले की बहिणीला फाईल द्या आणि काही न सांगता तीन गोष्टी मागा: बाबांच्या आधारची झेरॉक्स, यंदाचा विम्याचा हप्ता कापल्याची नोंद, आणि बाबांच्या रोजच्या गोळ्यांची नावं. मोबाईलवर दोन मिनिटांचा टायमर लावा. जे सापडलं नाही, ते चुकीच्या जागी आहे. बहिणीने जिथे आधी शोधलं, तिथे ते हलवा.

यानंतर वर्षातून दोनदाच हात लावायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक प्रिंट करून ४३६ आणि २० पाहायचे आणि नवा सातबारा काढायचा. दिवाळीत गोळ्यांची यादी, फोन नंबर आणि संपलेल्या झेरॉक्स बदलायच्या. मुख्य पानाच्या कोपऱ्यात शेवटचं कधी तपासलं ती तारीख पेनाने लिहा. ती तारीख वर्षापेक्षा जुनी असेल, तर आतल्या कागदांवर भरवसा ठेवण्याआधी एकदा पुन्हा बघून घ्या.